गेल्या वर्षी टीटी घेतलं, मग आता टीडॅप कशाला?

पत्र: डॉक्टर, माझी मुलगी बाळंतपणासाठी पुण्याहून आमच्याकडे बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आली आहे. २४ ऑक्टोबरला तिचे ३३ आठवडे भरतात, तारीख १२ डिसेंबर दिली आहे. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलंय की बाळाला सांभाळणाऱ्या आजी-आजोबांनी टीडॅप नावाची लस घ्यावी, म्हणजे डांग्या खोकला बाळापर्यंत जात नाही. आमच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टर म्हणतात, इथं टीडी आहे, ती घ्या. मी ६१ वर्षांची. गेल्या वर्षी शेतात पायात खिळा गेला तेव्हा टीटी घेतलं होतं. परत तीच सुई कशाला? ह्यांचं वय ६७, शुगर आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. ह्यांना सकाळी खोकलाही असतो, पण तो तंबाखूचा. एकाचे दीड हजार तरी जातील म्हणे. मुलीला टीडीच्या दोन्ही सुया झाल्यात. घरात थोरल्याचा साडेपाच वर्षांचा मुलगा आहे, बारशाला पाहुणेही येणार. कुणी कुणी काय घ्यायचं ते नीट सांगा.
— होणारी आज्जी, खानापूर तालुका

उत्तर:

ताई, आधी सुईचं. गेल्या वर्षी घेतलेलं टीटी फक्त धनुर्वाताचं. आरोग्य केंद्रातली टीडी म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प. टीडॅपमध्ये हे दोन्ही असतात आणि शिवाय डांग्या खोकला असतो. म्हणजे बाळासाठी ज्याची काळजी करायची तो भाग टीटीमध्ये नाही आणि टीडीमध्येही नाही. सिस्टर चुकीचं सांगत नाहीत. सरकारी लसीकरणात मोठ्यांसाठी टीडीच येते, २०१९ च्या सुमारास टीटीच्या जागी ती आली. टीडॅप सरकारी यादीत नाही, ती खाजगीतच मिळते. म्हणून त्यांच्याकडं जे आहे ते त्या सांगतात.

धनुर्वात माणसाकडून माणसाला होतच नाही. मातीत, शेणखतात, गंजक्या खिळ्यावर त्याचे जंतू असतात आणि जखमेतून आत जातात. तुमच्या अंगात धनुर्वाताची ताकद असली किंवा नसली तरी बाळाला त्यानं काही फरक पडत नाही. बाळाला धनुर्वात होतो तो नाळेतून, आणि त्यापासून त्याला आईची टीडी वाचवते. ती तुमच्या मुलीची झाली आहे. नाळेला हळद, राख, तेल असं काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची, एवढं पाळलं की तो विषय संपला. घटसर्प मात्र माणसाकडून माणसाला जातो, आणि डांग्या खोकला तर घरातल्या एकाला झाला की बाकीच्यांपर्यंत पोचायला वेळ लावत नाही.

आता एक गोष्ट सांगते, ती तुम्ही विचारलेली नाही, पण पैसे खर्च करायच्या आधी ती माहीत हवी. तुम्हा तिघांपैकी एकालाच टीडॅप परवडत असेल, तर ती मुलीला द्या. तुम्हाला नव्हे, आजोबांनाही नव्हे. गरोदरपणाच्या २७ ते ३६ आठवड्यांत आईनं टीडॅप घेतली की तिच्या रक्तात तयार झालेली प्रतिकारद्रव्यं वारेतून बाळाकडे जातात आणि बाळ ती घेऊनच जन्माला येतं. इंग्लंडमध्ये २०१२ पासून सगळ्या गर्भवतींना ही लस देतात. तिथं तीन महिन्यांच्या आतल्या बाळांमध्ये डांग्या खोकल्यापासून मिळालेलं संरक्षण ९० टक्क्यांच्या आसपास निघालं. आजी-आजोबांच्या लशीचा फायदा आडवाटेनं होतो. त्यांना आजार झाला नाही तर तो बाळापर्यंत यायची शक्यता कमी, इतकंच. आईची लस थेट बाळाच्या रक्तात उतरते.

टीडीच्या दोन सुया झाल्या म्हणून टीडॅप घेता येत नाही असं नाही. मधे किती दिवस गेले पाहिजेत अशी अट नाही. दंड थोडा जास्त दुखेल, सूज येईल, ती उतरते. तिच्या प्रसूतितज्ज्ञांना विचारून घ्या, कारण तिची फाइल त्यांच्याकडं आहे. पण विचारायला फार दिवस काढू नका. ३६ आठवडे १४ नोव्हेंबरला भरतात, आणि लस घेतल्यावर प्रतिकारद्रव्यं बनून वारेतून पलीकडं जायला किमान दोन आठवडे लागतात. मी तुमच्या जागी असते तर हे पत्र वाचून झाल्यावर त्याच आठवड्यात तिला घेऊन गेले असते. पुण्याच्या डॉक्टरांनी तुम्हा दोघांना लस सांगितली, म्हणजे मुलीचीही बहुतेक सांगितली असेल. पण "दोन सुया झाल्या" यात ती आली असं समजू नका. तिचं तायी कार्ड, म्हणजे कर्नाटकातलं गरोदर बाईचं सरकारी कार्ड, किंवा पुण्याची फाइल उघडून बघा. तिथं नुसतं टीडी लिहिलं असेल तर डांग्या खोकल्याचा भाग झालेला नाही.

मग तुम्ही दोघांनी घ्यायची का? परवडत असेल तर हो, आणि तुमच्या बाबतीत याला दुसरंही एक कारण आहे. ते तुमच्या वयाचं कारण आहे आणि बहुतेक जण ते विसरतात. भारतात लहान मुलांच्या लसीकरणाचा सरकारी कार्यक्रम १९७८ साली सुरू झाला आणि १९८५ नंतर खेडोपाडी पसरला. तुम्ही दोघं त्याच्या बऱ्याच आधी जन्मलेले. लहानपणी तुम्हाला त्रिगुणी लस, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताची डीपीटी, बहुधा मिळालेलीच नाही. तुमच्या बाळंतपणांत टीटी झालं असेल, खिळा लागला तेव्हा टीटी झालं. म्हणजे धनुर्वाताचं खातं तुमचं चांगलं भरलेलं आहे. पण घटसर्पाचं खातं बहुधा कधी उघडलंच नाही. आजोबांचं तर दोन्हीचं कमीच, कारण पुरुषांना बाळंतपणाची टीटी मिळत नाही. उत्तर कर्नाटकात घटसर्प अजून गेलेला नाही. विजापूरकडे आणि आसपास रुग्ण सापडत आले आहेत, आणि ते सगळे लहान मुलंच असतात असं नाही. म्हणून टीडॅपचा एकच डोस घेऊन "झालं आपलं" असं तुमच्या वयात म्हणता येत नाही. पहिली मालिकाच न झालेल्या मोठ्या माणसाला तीन डोस लागतात. पहिला टीडॅपचा, दुसरा चार आठवड्यांनी, आणि तिसरा दुसऱ्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी. दुसऱ्या-तिसऱ्याला टीडॅप घ्यायची गरज नाही, साधी टीडी पुरते. ती स्वस्त आहे, आणि आरोग्य केंद्रात जी आहे ती हीच. सिस्टरना सांगून बघा. केंद्रातला साठा मुख्यतः गर्भवती आणि शाळेतल्या मुलांसाठी असतो, तेव्हा त्या नाही म्हणाल्या तर वाद घालू नका, औषधाच्या दुकानात मिळते. त्यानंतर दर दहा वर्षांनी एक टीडी.

तुमच्या घरचा हिशेब तारखांत मांडून बघू. समजा तुम्ही तिघं २८ ऑक्टोबरला लस घेता. मोठ्या माणसाला ती अंगी लागायला दोन आठवडे धरतात, म्हणजे ११ नोव्हेंबरपर्यंत तुम्ही तयार. बाळ पूर्ण दिवसांचं असलं तरी २१ नोव्हेंबरनंतर कधीही येऊ शकतं, तारीख डिसेंबरची असली तरी. म्हणजे तुमच्याकडं जेमतेम दहा दिवस हाताशी राहतात. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत ढकललंत आणि बाळ लवकर आलं, तर पहिल्या आठवड्यात तुमची लस नुसती नावालाच राहील. तुम्हा दोघांची दुसरी सुई, म्हणजे टीडी, २५ नोव्हेंबरला येते. त्या वेळी कदाचित घरात बाळंतीण असेल, तुम्हाला पाय हलवता येणार नाही, म्हणून ती तारीख एका कागदावर आत्ताच लिहून ठेवा. आठवडाभर उशीर झाला तर नवी सुरुवात करावी लागत नाही, फक्त पुढं जायचं. तिसरी पुढच्या वर्षी मेअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत कधीही.

बाळाची स्वतःची सुई कधी ते आता पाहा. डांग्या खोकल्याचा भाग बाळाच्या पेंटाव्हॅलंट लशीत असतो, आणि तिची पहिली सुई सहा आठवड्यांनी मिळते. बाळ १२ डिसेंबरला आलं तर ती जानेवारीच्या २३ तारखेला, दुसरी फेब्रुवारीच्या २० ला, तिसरी मार्चच्या विसाव्या तारखेच्या आसपास. पहिल्या सुईनं थोडंच संरक्षण मिळतं, तिन्ही झाल्यावर बाळ बऱ्यापैकी सुरक्षित. म्हणजे डिसेंबर ते मार्च हा काळ आईच्या लशीवर आणि घरच्यांच्या वागण्यावर काढायचा आहे. आपल्याकडं हाच काळ थंडीचा, ऊसतोडीचा, घराघरात कुणी ना कुणी खोकत असतं. डांग्या खोकल्यानं बाळं दगावतात ती बहुतेक तीन महिन्यांच्या आतली. आणि इतक्या लहान बाळाला पुस्तकात लिहिलेला 'हूप' असा आवाज बऱ्याचदा येत नाही, हे लक्षात ठेवा. थोडं नाक गळतं, थोडं खोकतं, आणि मग मधेच श्वास थांबतो, ओठ निळे पडतात, दूध पिणं सोडतं. खोकला जोरात नाही म्हणून घरी बसलेली माणसं मी पाहिली आहेत. तान्ह्या बाळानं दहा-पंधरा सेकंद श्वास घेतला नाही किंवा रंग बदलला, तर सकाळची वाट बघायची नाही, थेट जिल्हा रुग्णालय किंवा जिथं बालरोग विभाग आहे तिथं जायचं.

आता आजोबांचा सकाळचा खोकला. तुम्ही 'तो तंबाखूचा' असं लिहिलंत, आणि तोच मला जास्त खटकला. मोठ्या माणसाचा डांग्या खोकला तंबाखूच्या, दम्याच्या, चुलीच्या धुराच्या खोकल्याआड सहज लपतो. निपाणीकडच्या तंबाखूच्या वखारीत काम केलेल्या माणसाला वर्षानुवर्षं खोकला असतो. त्यात हा दोन महिने मिसळला तरी कुणाला कळत नाही. ताप नसतो. दिवसा माणूस ठणठणीत, रात्री झटका येतो. वेगळेपण असं की खोकल्याचे झटके लागोपाठ येतात, मधे श्वास घ्यायला सवड मिळत नाही, झटका संपताना उलटी होते किंवा चेहरा लाल-जांभळा होतो. म्हाताऱ्या माणसाची खोकून बरगडीही दुखावते. नेहमीचा तंबाखूचा खोकला सकाळी कफ पडला की मोकळा होतो, त्याची चाल तुम्हाला वर्षानुवर्षं माहीत असते. त्या चालीत बदल झाला आणि दोन आठवडे तसाच राहिला, तर आजोबांना बाळाच्या खोलीत जाऊ न देता आधी डॉक्टरांना दाखवा.

तपासणी घशाच्या मागून, नाकातून काडी घालून घेतात आणि पीसीआरसाठी पाठवतात. खोकला सुरू झाल्यापासून पहिल्या तीन आठवड्यांत ती उपयोगाची असते, पुढं जंतू सापडत नाही. ही सोय तालुक्याला नसते, बेळगावला न्यावं लागतं. लक्षणं जमत असतील आणि घरात तान्हं बाळ असेल, तर डॉक्टर निकालाची वाट न बघता अझिथ्रोमायसिन सुरू करतात. ते सुरू केल्यावर पाच दिवस पूर्ण झाले की माणूस पसरवायचा थांबतो, खोकला मात्र आणखी कित्येक आठवडे राहतो. औषध न घेतलेला माणूस झटके सुरू झाल्यापासून तीन आठवडे पसरवत राहतो. हे औषध दुकानातून स्वतःच आणून खाऊ नका. आजोबांच्या इतर गोळ्यांसोबत, खास करून हृदयाच्या गोळ्यांसोबत, ते चालतं का हे डॉक्टरांनी बघायला हवं. घरात कुणाला पक्कं निदान झालं तर घरातल्या सगळ्यांना, लस झाली असली तरी, औषधाचा कोर्स द्यावा लागतो. त्या वेळी घेतलेली टीडॅप त्या संसर्गापासून वाचवत नाही, म्हणून ती आधी घ्यायची.

शुगर आणि रक्तदाब ही लस टाळायची कारणं नाहीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं नाव सांगा. अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल असेल तर काहीच अडचण नाही. वॉरफरिन असेल तर सुई देणाऱ्याला आधीच सांगा, म्हणजे बारीक सुई वापरता येते आणि नंतर दोन मिनिटं नीट दाबून धरता येतं. चोळायचं मात्र नाही, तिथं रक्त साकळतं. गोळी बंद करायचीही गरज नाही, मनानं बंद करू नका. लस टाळायची कारणं थोडी आहेत. पूर्वी अशाच लशीनंतर श्वास अडकून, अंगावर गांधी येऊन गंभीर अ‍ॅलर्जी झालेली असणं हे मुख्य. धनुर्वाताच्या लशीनंतर सहा आठवड्यांच्या आत हातापायांत अशक्तपणा चढत जाणारा गिलेन-बार नावाचा आजार झाला असेल, तर डॉक्टरांशी आधी बोलायचं. टीटीनंतर तुमचा दंड कधी कोपरापासून खांद्यापर्यंत सुजून लाल झाला असेल, तर तेही सांगा, मग दहा वर्षांचं अंतर राखतात. अंगात चांगला ताप असेल तर बरं झाल्यावर या, नुसत्या सर्दीनं थांबायचं नाही.

सुई दंडात मारतात, अर्धा मिलिलिटर. एक-दोन दिवस दंड दुखतो, अंग मोडल्यासारखं वाटतं, कुणाला बारीक ताप येतो. पॅरासिटामोल चालतं. सुई झाल्यावर पंधरा मिनिटं तिथंच बसा, आजोबांना तर नक्की बसवा, कुणाकुणाला चक्कर येते.

ती कुठं घ्यायची हे बहुतेक आज्या विचारतात तेव्हा मी सांगते, फिजिशियनच्या आधी बालरोगतज्ज्ञांकडे चौकशी करा. हीच लस दहा-अकरा वर्षांच्या मुलांनाही देतात, म्हणून त्यांच्या फ्रीजमध्ये ती असते. प्रसूतीच्या दवाखान्यातही असते. डबा घेताना त्यावरचं नाव नीट वाचा. आपल्याकडं बूस्ट्रिक्स आणि अ‍ॅडासेल या नावांनी मोठ्यांची टीडॅप मिळते. डब्यावरची छापील किंमत बघा, हजाराच्या वर असते, दवाखाने सुई देण्याचे वेगळे घेतात. घाईत कुणी लहान मुलांची त्रिगुणी लस दिली असं होऊ नये. तिच्यात घटसर्पाचं प्रमाण जास्त असतं आणि मोठ्या माणसाला ती फार झोंबते, दंड कितीतरी दिवस सुजतो.

फ्रीजचा मुद्दा आपल्या भागात फारच महत्त्वाचा. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी. बेळगावातून औषधाच्या दुकानातून घेऊन पिशवीत टाकायची, बसनं खानापूरला, तिथून गावाला, आणि उद्या सिस्टरकडून मारून घ्यायची, असं करू नका. उन्हात ती मरतेच, पण त्याहून वाईट म्हणजे बर्फाला चिकटून गोठली तर. गोठलेली लस वितळल्यावर दिसायला तशीच राहते, आणि काम करत नाही. कुणाला कळतही नाही. म्हणून ती जिथं ठेवली आहे तिथंच जाऊन घ्या. बाटली किंवा भरलेली सुई हलवल्यावर सारखी पांढुरकी, ढगाळ दिसायला हवी, गाठी राहिल्या तर नको म्हणा. सुई झाल्यावर बॅच नंबर आणि मुदत लिहिलेली चिठ्ठी मागून घ्या आणि मुलीच्या तायी कार्डात नाही, तुमच्या स्वतःच्या फाइलमध्ये ठेवा. कार्डावर सगळं कन्नडमध्ये असतं आणि ते बाळाबरोबर पुण्याला जाईल.

साडेपाच वर्षांच्या नातवाकडं मात्र आजोबांच्या आधी बघा. शाळेतली मुलं घरात खोकला आणतात. सरकारी वेळापत्रकात डीपीटीचा दुसरा बूस्टर पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान असतो. त्याचा झालाय का? झाला नसेल तर आरोग्य केंद्रात फुकट मिळतो, याच आठवड्यात द्या. त्याला टीडॅप नको, त्याला लहान मुलांचीच लस हवी. हा खर्च शून्य आहे आणि आजोबांच्या टीडॅपइतकाच, किंबहुना थोडा जास्त, उपयोगी पडणारा आहे. असं सांगितलं की सासरे-आजोबा मंडळींना आवडत नाही, पण हिशेब तसाच आहे. बाळाचे वडील बाळंतपणाला येतील आणि चार दिवस राहतील. ते पुण्यातच लस घेऊन आले तर बरं.

आता या लशीच्या मर्यादा. टीडॅपनं तुम्हाला आयुष्यभराचं कवच मिळत नाही. डांग्या खोकल्याच्या भागाची ताकद पहिल्या वर्षी चांगली असते, दहापैकी सुमारे सात जण आजारी पडत नाहीत, पण तीन-चार वर्षांत ती निम्म्याच्या खाली येते. मुलीला दुसरं बाळ झालं तर तिला त्या गरोदरपणात पुन्हा घ्यावी लागते, तुम्हाला मात्र नाही. दुसरी गोष्ट, माकडांवरच्या प्रयोगात असं दिसलं की या प्रकारची लस घेतलेलं जनावर स्वतः आजारी पडत नाही, पण जंतू घशात बाळगून इतरांना देऊ शकतं. माणसांत नेमकं किती असं होतं हे वादाचं आहे, पण त्याचा सरळ अर्थ असा की लस झाली म्हणून खोकणाऱ्या माणसानं बाळ घेतलेलं चालत नाही. मुलीची लस मी पहिली ठेवते त्याचं हेही एक कारण आहे.

म्हणून घरातला नियम एकच ठेवा. ज्याला खोकला आहे, तो कुठलाही असो, तो बाळाच्या खोलीत येणार नाही. तुम्हाला स्वतःलाच झाला आणि बाळाला न्हाऊ-माखू घालायला दुसरं कुणी नसेल, तर तोंडाला मास्क आणि साबणानं हात धुणं. तान्ह्या बाळाच्या गालाचे, तोंडाचे मुके कुणीच घ्यायचे नाहीत. आजोबांच्या सकाळच्या खोकल्याचा निकाल डॉक्टरांकडून आधी लागल्याखेरीज त्यांनी लांबून बघायचं. हे त्यांना तुम्हीच सांगा, मुलीला सांगायला लावू नका.

बारशाला तुम्ही सगळ्यांना लस घ्यायला सांगू शकणार नाही, आणि तशी गरजही नाही. रोज तासन्‌तास बाळाजवळ असणाऱ्यांचा प्रश्न वेगळा, दोन तास येऊन जाणाऱ्यांचा वेगळा. बाराव्या दिवशीचा कार्यक्रम मोठा करायचा असेल तर तो मार्चनंतर करा, नाव तोवर काय ते ठरवून ठेवा. बाराव्याच दिवशी करायचा असेल, तर पाहुण्यांना अंगणात बसवा, पाळणा आतल्या खोलीत ठेवा, नाव ठेवायला आत्या आणि दोन-तीन बायका आत जातील, बाकीच्यांनी दारातून बघायचं. बाळ हातोहात फिरवायचं नाही. गर्दीत कुणी खोकलं की त्याला वाटी-ताट हातात द्या आणि जेवायला बसवा, म्हणजे तो आत येत नाही. बोलावताना फोनवरच सांगून टाका की खोकला असेल तर या वेळी नको, बाळ मोठं झाल्यावर या. वाईट वाटेल असं समजू नका. बाळंतपण झालेल्या प्रत्येक घरात हे ऐकायला लागणाऱ्या मावश्या-काकवा असतात, आणि त्या रुसल्या तरी नंतर येतात.